धुकं मांजरीच्या पावलांनी आलं तर मेटाफर की पर्सॉनिफिकेशन? (दहावी, इंग्रजी)

राजेंद्रनगरकर

मंडळी, मुलगी दहावीला आहे, इंदूरलाच, सीबीएसई. सराव परीक्षेचे पेपर घरी आलेत आणि इंग्रजीच्या एका उत्तरावरून आमच्याकडे रोज जेवताना वाद चाललाय.

फर्स्ट फ्लाइटमध्ये कार्ल सँडबर्गची धुक्यावरची छोटीशी कविता आहे. पेपरात तिच्या पहिल्या दोन ओळी दिल्या होत्या: 'द फॉग कम्स, ऑन लिटल कॅट फीट.' खाली प्रश्न, यातला अलंकार ओळखा आणि कारण लिहा, 2 गुण. हिने लिहिलं पर्सॉनिफिकेशन, कारण धुकं पायांनी चालत येतंय असं दाखवलंय आणि धुक्याला पाय नसतात. मॅडमनी त्यावर काट मारून शेजारी 'मेटाफर' लिहिलं आणि शून्य दिलं.

आता घरात जे गाइड आहे त्यात पर्सॉनिफिकेशन आहे. मैत्रिणीच्या गाइडात दोन्ही दिलेत. हिंदीच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, मानवीकरण नाही वाटत, पण इंग्रजीचं त्यांचं त्यांना ठाऊक. मी स्वतः कॉमर्सवाली, मला सिमिली म्हणजे 'लाइक' एवढंच आठवतं. बोर्डाला अजून वेळ आहे, पण मुलगी आता प्रत्येक ओळीला घाबरून राहिली आहे. मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, हायपर्बली, सगळ्यांची खिचडी झालीये. कुणी नीट समजावेल का? आणि मॅडम बरोबर की गाइड?

क्लासवाले_सर

ताई, फार सोपं आहे. माझ्या बॅचला मी एका ओळीत शिकवतो. 'अ‍ॅज' किंवा 'लाइक' दिसलं की सिमिली. 'इज', 'आर' ने एक वस्तू दुसरी म्हटली की मेटाफर. निर्जीव वस्तू काही करते म्हटलं की पर्सॉनिफिकेशन. आकडा अफाट असला की हायपर्बली. बस्स. धुकं निर्जीव आहे, ते येतं, बसतं, बघतं. शिवाय या ओळींत 'इज' कुठेही नाही, मग मेटाफर कुठून आलं? मॅडमची चूक आहे. जाऊन गुण मागा.

लोकमान्यनगरचे_आजोबा

हायपर्बोला दहावीला कधीपासून आलं? ते अकरावीला कॉनिक सेक्शनमध्ये असतं, पॅराबोला आणि इलिप्सच्या पाठोपाठ. नातवाच्या वेळी मी स्वतः बसून सोडवून घेतलं होतं. सूत्र हवं असेल तर सांगा.

राजेंद्रनगरकर

आजोबा, गणित नाही हो, इंग्रजी. अतिशयोक्ती. पण गणितात अडलं की नक्की हाक मारीन.

ग्वाल्हेरचा_मास्तर

इंग्रजी शिकवण्यात उभी नोकरी गेली, म्हणून जरा लांब लिहितो, चालवून घ्या.

मॅडमचं उत्तर बरोबर आहे. शून्य देणं मात्र मला पटलेलं नाही, त्याकडे शेवटी येतो.

आधी कविता समोर घ्या. सहाच ओळी आहेत. धुकं मांजरीच्या छोट्या पावलांनी येतं. मग मागच्या पायांवर गुपचूप बसून बंदराकडे आणि शहराकडे बघतं. आणि पुढे निघून जातं. कविता 1916 साली 'शिकागो पोएम्स'मध्ये आली, म्हणजे बंदर आहे ते शिकागोचं, मिशिगन सरोवराच्या काठचं. अख्ख्या कवितेत 'लाइक' नाही, 'अ‍ॅज' नाही आणि क्लासवाले सर म्हणतात तसं 'इज'ही नाही. मेटाफरला 'इज' लागतो हा समज वर्गावर्गांतून इतका पक्का बसलाय की मुलं 'इज' सापडला नाही की दुसरं काहीतरी शोधायला लागतात. इथे कवीने 'धुकं मांजर आहे' असं कुठे म्हटलेलं नाही. त्याने मांजरीचे पाय काढून धुक्याला लावले. पुढच्या चार ओळींत तर मांजरीचं नावही नाही, फक्त तिची बसण्याची ढब आहे. एका वस्तूचं वैशिष्ट्य उचलून दुसरीवर ठेवलं की मेटाफर झालं, क्रियापद कुठलंही असो.

आता पर्सॉनिफिकेशन का नाही? त्यासाठी मी मुलांना एकच प्रश्न विचारायला लावतो: ओळीतला कुठला शब्द फक्त माणसालाच लागू पडतो? बोट ठेवून दाखव. 'कम्स'वर ठेवता येत नाही, पाऊसही येतो आणि बसही येते. 'सिट्स' मांजरीलाही चालतं. 'लुकिंग' तेच. 'कॅट फीट' तर सरळ मांजरीचे. माणसाचा शब्द एकही नाही, मग धुक्याचा माणूस झाला असं कशाच्या जोरावर म्हणायचं? धुक्याची मांजर झालीये.

आणि हे माझं खाजगी मत नाही. कवितेखालचे पुस्तकातले प्रश्न काढून बघा. त्यात विचारलंय की धुकं मांजरीसारखं आहे असं कवी प्रत्यक्ष म्हणतो का, आणि ते तसं आहे हे सांगणाऱ्या तीन गोष्टी शोधा. त्यापुढे मेटाफरचा तक्ता आहे. त्यात पहिलं उदाहरण भरूनच दिलंय: वादळ, समोर वाघ, आणि साम्य म्हणून शेतांवर झेप घेतो, गुरगुरतो. वादळाचा वाघ केला तर पुस्तक त्याला मेटाफर म्हणतं. मग धुक्याची मांजर केली तर वेगळं नाव कसं लागेल?

शून्याबद्दल: तुमच्या लेकीने कारण लिहिताना 'पाय' शब्दावर बोट ठेवलंय. ते अर्धं बरोबर आहे. ते पाय कुणाचे, एवढं तिने बघितलं नाही. मी 1 गुण दिला असता.

रामबागेतली_मावशी

मास्तर, तुमचं पटतंय पण पूर्ण नाही. आम्ही शाळेत मराठी शिकलो त्यात चेतनगुणोक्ती होती. निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं वर्णन केलं की चेतनगुणोक्ती. धुकं निर्जीव, मांजर सजीव. मग चेतनगुणोक्ती झालीच की! आणि चेतनगुणोक्तीलाच इंग्रजीत पर्सॉनिफिकेशन म्हणतात, असं आमच्या बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं. मुलीच्या आजीनेही बहुतेक हेच शिकवलं असणार.

राजेंद्रनगरकर

अगदी! आजीचंच म्हणणं आहे ते. तिच्या जिवावरच ही पेपरात ठाम होती.

ग्वाल्हेरचा_मास्तर

मावशी, तुमची चेतनगुणोक्ती शंभर टक्के बरोबर. मराठीच्या पेपरात ही ओळ आली असती तर मीही तेच लिहिलं असतं. गडबड होते ती फळ्यावरच्या त्या बरोबरच्या चिन्हात. चेतनगुणोक्तीचं घर मोठं आहे, त्यात माणूस, मांजर, वाघ सगळे मावतात. हिंदीचं मानवीकरण आणि इंग्रजीचं पर्सॉनिफिकेशन ही घरं लहान, त्यात माणसालाच प्रवेश. म्हणून हिंदीच्या सरांनी 'मानवीकरण नाही वाटत' म्हटलं ते त्यांच्या जागी अचूक होतं. आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत ही पंचाईत जास्त, कारण पोर तीन भाषांचे अलंकार एकाच वहीत शिकतं.

निर्जीवाला जनावराचे गुण देण्यालाही इंग्रजीत वेगळं नाव आहे, झूमॉर्फिझम. पण ते दहावीला विचारत नाहीत, लिहायच्या फंदात पडू नये. शाळेच्या पातळीवर ते मेटाफरच्या पोटातच धरतात.

आणि खरं सांगायचं तर पर्सॉनिफिकेशनही मेटाफरच्या पोटातलंच आहे. म्हणून 'वारा गुणगुणत गेला' याला कुणी मेटाफर म्हटलं तर ते खोटं नाही, फक्त ढोबळ आहे. मी सांगतो ते असं: जेवढं नेमकं नाव देता येईल तेवढं द्या, पण त्या नावाचा पुरावा ओळीत असला तरच. गुणगुणण्याचा पुरावा आहे, तिथे पर्सॉनिफिकेशन लिहा. मांजरीच्या पायांना तो नाही, तिथे एक पायरी वर चढून मेटाफरवर थांबा.

पोहे_जलेबी

एक शंका. 'हाँचेस' शब्द माणसालाही वापरतात. इंग्रजी कादंबऱ्यांत शेतकरी, पहारेकरी 'ऑन हिज हाँचेस' बसलेले असतात, म्हणजे आपलं उकिडवं बसणं. मग 'सायलेंट हाँचेस'वरून कुणी म्हटलं की धुकं उकिडव्या माणसासारखं बसलंय, तर?

ग्वाल्हेरचा_मास्तर

चांगला मुद्दा. शेवटच्या चार ओळीच दिल्या असत्या आणि वरच्या दोन मुलाने कधी वाचल्याच नसत्या, तर मी त्याच्याशी भांडलो नसतो. पण 'कॅट फीट' आधी येऊन बसलंय. ज्या प्राण्याचे पाय लावले त्याचंच बूड टेकणार. प्रश्नात चारच ओळी असल्या तरी कविता सहा ओळींची आहे हे विसरायचं नाही.

क्लासवाले_सर

ठीक आहे, मांजरीचं मान्य. 'इज'चंही मान्य, यापुढे तसं सांगणार नाही. पण सिमिलीचा माझा नियम तरी राहू द्या. 'अ‍ॅज' आणि 'लाइक' बघून मुलांचे गुण हमखास येतात. वीस-पंचवीस पोरांच्या बॅचला एवढं खोलात नेता येत नाही.

तपासनीस_बाई

मी इंग्रजीचे पेपर तपासते, इंदूरजवळच. सर, तुमच्या या नियमानेच हमखास जाणारे गुण मी दरवर्षी बघते. अपठित उताऱ्यात मुद्दाम अशी वाक्यं टाकतात: 'अ‍ॅज द बेल रँग, द चिल्ड्रन रॅन आउट.' इथे 'अ‍ॅज' म्हणजे 'घंटा होताच'. तुलना नाहीच. तरी ढीगभर मुलं सिमिली लिहितात. 'ही वर्क्स अ‍ॅज अ क्लार्क' यालाही सिमिली लिहिलेलं मी वाचलंय. तो माणूस खरोखरच कारकून आहे हो!

दुसरा सापळा जास्त बारीक आहे. 'शी लुक्स लाइक हर मदर.' तुलना आहे, 'लाइक' आहे, तरी सिमिली नाही. मुलगी आणि आई, दोघी माणसंच, आणि सारखेपणा खराखुरा आहे. सिमिलीला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात. 'हर व्हॉइस वॉज लाइक वॉर्म मिल्क' म्हटलं तर आवाज आणि दूध, जात वेगळी, मग सिमिली. मुलांना मी सांगते, 'लाइक' दिसलं की लगेच लिहू नका, त्याच्या डावीकडे काय आणि उजवीकडे काय ते आधी बघा. दोन्हीकडे एकाच जातीचं असेल तर पेन खाली ठेवा.

रामबागेतली_मावशी

आणि 'अ‍ॅज इफ'? मराठीत 'जणू' आलं की उत्प्रेक्षा, उपमा नाही. हिंदीतही 'मानो', 'जानो' आलं की उत्प्रेक्षा.

तपासनीस_बाई

मावशी, शाळेच्या इंग्रजीत उत्प्रेक्षेला वेगळा खण नाही. 'अ‍ॅज इफ', 'अ‍ॅज दो' सगळं सिमिलीतच टाकतात. मराठी-हिंदीत हुशार असलेली मुलंच इथे अडखळतात, कारण त्यांना तो फरक जाणवतो आणि पर्यायांत सापडत नाही.

बडोदे_बीए

मी बडोद्याला बीए इंग्लिश करतोय. माझं दुखणं थोडं वेगळं आहे पण इथेच मांडतो. शेक्सपिअरचं अठरावं सॉनेट, 'शॅल आय कम्पेअर दी टु अ समर्स डे?' अंतर्गत परीक्षेत या ओळीतला अलंकार विचारला होता. मी सिमिली लिहिलं, कारण 'कम्पेअर' शब्दच आहे. वर्गातल्या अर्ध्यांनी मेटाफर लिहिलं. सरांनी दोघांनाही सारखेच गुण दिले आणि काही बोललेच नाहीत. आता सेमिस्टरला आलं तर काय लिहायचं?

क्लासवाले_सर

सिमिलीच. तुलना करू का असं तो स्वतःच विचारतोय.

ग्वाल्हेरचा_मास्तर

सर, विचारतोय, केली कुठे? पहिली ओळ प्रश्न आहे. दुसऱ्या ओळीत तो म्हणतो, तू त्याहून सुंदर आणि त्याहून सौम्य आहेस. पुढे उन्हाळ्याचे दोष मोजतो. वारे कळ्यांना झोडपतात, उन्हाळ्याची मुदत तोकडी असते. म्हणजे उपमा पुढे केली आणि लगेच नाकारली. तू उन्हाळ्याच्या दिवसासारखी आहेस, असं कवितेत कुठेच येत नाही. म्हणून निखळ सिमिली म्हणायला माझा हात धजत नाही. बरीच पुस्तकं पूर्ण कवितेच्या विस्तारामुळे मेटाफर म्हणतात, काही सिमिली म्हणतात. तुमचे सर गप्प राहिले ते बहुधा म्हणूनच. बीएच्या उत्तरात नुसतं नाव लिहून थांबू नका. तुलना सुचवून नाकारली आहे हे लिहा, मग नाव कुठलंही दिलंत तरी उत्तर उभं राहतं.

खरा माल त्या कवितेत पाचव्या-सहाव्या ओळीत आहे. 'समटाइम टू हॉट द आय ऑफ हेवन शाइन्स, अँड ऑफन इज हिज गोल्ड कम्प्लेक्शन डिम्ड.' आकाशाचा डोळा म्हणजे सूर्य. सूर्याचं नावच घेतलेलं नाही, डोळ्याने काम भागवलं. इथवर मेटाफर. डोळा माणसाला असतो तसा बैलालाही असतो, म्हणून अजून थांबा. पुढच्या ओळीत 'हिज' आणि 'कम्प्लेक्शन' आलं, त्याच्या चेहऱ्याची सोनेरी कांती. कांती झाकोळणं बैलाला लागू होत नाही. इथे सूर्याचा माणूस झाला. दोन लागोपाठच्या ओळी, एकच सूर्य, आणि नाव बदलतं ते एका शब्दामुळे. कुठल्या ओळीखाली रेघ आहे ते बघूनच लिहायचं.

बडोदे_बीए

'हिज' असलं की पर्सॉनिफिकेशन धरायचं का मग? जुन्या इंग्रजीत 'इट्स'च्या जागीही 'हिज' वापरायचे असं शिकलोय.

ग्वाल्हेरचा_मास्तर

बरोबर शिकलात. शेक्सपिअरच्या काळात 'इट्स' नुकतं रुळत होतं आणि निर्जीवालाही 'हिज' सर्रास लागे. म्हणूनच मी नुसत्या 'हिज'वर उभा नाही, 'कम्प्लेक्शन' सोबत आहे म्हणून म्हणतोय. त्याच कवितेत पुढे मृत्यू फुशारकी मारतो, 'नॉर शॅल डेथ ब्रॅग.' तिथे तर वादच नको. फुशारकी मारणं माणसाचंच काम.

पोहे_जलेबी

फुशारकी मारणारे बोकेही असतात, आमच्या गच्चीवर आहे एक. असो. हायपर्बलीवर कुणी बोललंच नाही. क्लासवाले सरांचा 'अफाट आकडा' तरी बरोबर का?

तपासनीस_बाई

तेही अर्धंच. 'द अर्थ इज नाइन्टी थ्री मिलियन माइल्स फ्रॉम द सन' यात आकडा अफाट आहे आणि वाक्य भूगोलाचं आहे. उलट 'आय कुड ईट अ हॉर्स' यात आकडाच नाही आणि हायपर्बली आहे. आकड्याकडे बघायचं नाही. शब्दशः घेतलं तर घडू शकेल का, आणि बोलणाऱ्याला आपण ते शब्दशः घ्यावं असं वाटतंय का, हे दोन बघायचे. खोटं बोलणाऱ्याला वाटतं की ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा. अतिशयोक्ती करणाऱ्याला तसं वाटत नाही.

वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सवरची कविता सरावाच्या पेपरांत वारंवार येते, तिच्यावर दाखवते. 'टेन थाउजंड सॉ आय अ‍ॅट अ ग्लान्स, टॉसिंग देअर हेड्स इन स्प्राइटली डान्स.' पहिल्या अर्ध्यात हायपर्बली, दुसऱ्यात पर्सॉनिफिकेशन. त्याच कडव्याच्या सुरुवातीला आकाशगंगेतल्या ताऱ्यांसारखी सलग फुलं, तिथे 'अ‍ॅज' आहे, फुलं आणि तारे या वेगळ्या जाती आहेत, म्हणून सिमिली. एका कडव्यात तिन्ही. म्हणून मुलांचा गोंधळ होतो आणि म्हणूनच पेपर काढणाऱ्याला ते कडवं आवडतं.

क्लासवाले_सर

बाई, एक विचारू? तळ्याच्या काठी दहा हजार फुलं खरंच असू शकतात. पाच-सहाशे फुटांचा पट्टा असला तरी सहज. मग ती अतिशयोक्ती कशी? घडू शकणारी गोष्ट आहे की.

ग्वाल्हेरचा_मास्तर

सर, हा प्रश्न मला आवडला. याचं उत्तर कवितेच्या इतिहासात दडलंय.

ती फुलं वर्ड्सवर्थने खरीच पाहिली होती, 15 एप्रिल 1802 रोजी, अल्सवॉटर तळ्याकाठी, बहीण डोरोथी सोबत असताना. (कवितेत मात्र तो ढगासारखा एकटा भटकतोय, बहीण गायब.) डोरोथीने रोजनिशीत त्या दिवसाचं वर्णन लिहून ठेवलंय. तिने फुलांचा आकडा दिला नाही, पट्ट्याची रुंदी दिली: गावाकडच्या नाक्याच्या रस्त्याएवढी. हे झालं साधं मोजमाप. पुढे मात्र ती लिहिते की काही फुलं थकून दगडांवर उशीसारखी डोकी टेकून होती, बाकीची डोलत-नाचत होती आणि जणू वाऱ्याबरोबर हसत होती. म्हणजे कवितेतल्या पर्सॉनिफिकेशनची बीजं बहिणीच्या वहीत आहेत.

कविता 1807 मध्ये छापली तेव्हा आकाशगंगेचं कडवं नव्हतंच. पहिल्याच कडव्यात होतं, 'टेन थाउजंड डान्सिंग इन द ब्रीझ.' तेव्हा तुमचा आक्षेप चालला असता. दहा हजार फुलं वाऱ्यावर नाचतायत, असतीलही बापडी. 1815 च्या आवृत्तीत त्याने नवं कडवं घातलं आणि दहा हजारांना 'सॉ आय अ‍ॅट अ ग्लान्स' जोडलं. एका नजरेत दहा हजार! अशक्य आहे ते आकड्यात नाही, 'एका नजरेत' मध्ये आहे. रेघ मारायची तर त्या शब्दांखाली मारा.

क्लासवाले_सर

'एका नजरेत मैदानात पन्नास हजार माणसं दिसली' असं क्रिकेट बघणारा सहज म्हणतो. दिसतातच ती. मोजली असं तो म्हणत नाही.

तपासनीस_बाई

सरांच्या बोलण्यात तथ्य आहे, मास्तर. 'सॉ' म्हणजे मोजली नव्हे. मला वाटतं त्याहून पक्की हायपर्बली त्याच कडव्यात 'नेव्हर-एंडिंग लाइन' ही आहे. न संपणारी रांग, आणि लगेच पुढे खाडीच्या काठाने म्हटलंय. खाडी कुठेतरी संपतेच. तिथे शंकेला जागा नाही.

ग्वाल्हेरचा_मास्तर

'नेव्हर-एंडिंग' पक्की, मान्य. दहा हजारांवर मी माझ्या मतावर आहे. पण दहावीच्या पेपरात त्या ओळीला हायपर्बलीच धरतात, तेव्हा मुलांनी तेच लिहावं, वाद आपण घालू.

राजेंद्रनगरकर

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. मुलीला शेजारी बसवून वाचून दाखवलं. तिला 'फक्त माणसालाच लागू पडणारा शब्द कुठला' हे एकदम पटलं. लगेच तिने स्वतःहून विचारलं, की आमच्या घरी बाबा म्हणतात 'ऑफिसात डोक्याचा भुगा झाला', ते काय?

रामबागेतली_मावशी

ते तर दोन्ही. डोकं पिठासारखं दळलं, मेटाफर. आणि खरं दळलं असतं तर बाबा बोलायला उरले नसते, म्हणून हायपर्बली.

तपासनीस_बाई

मावशींना पूर्ण गुण. ताई, लेकीला सांगा, एका ओळीत दोन असणं चूक नाही. पेपरात काय करायचं ते प्रश्नाच्या प्रकारावर आहे. कारण लिहायचा प्रश्न असेल तर एकच नाव निवडून तीन गोष्टी लिहायच्या: नाव काय, कशाला काय म्हटलंय, आणि दोघांत सारखं काय. धुक्याचं उत्तर मग असं होईल: मेटाफर, धुक्याला मांजर केलंय, दोघं आवाज न करता येतात. एवढ्यात 2 गुण. तिच्या उत्तरात तिसरा भाग अजिबात नव्हता. नाव बरोबर असतं तरी मी दीडच दिला असता.

पर्यायांचा प्रश्न असेल तर कारण सांगायची सोय नसते, तेव्हा चारही पर्याय वाचून मगच खूण करायची. धुक्याच्या ओळीला मेटाफर आणि पर्सॉनिफिकेशन दोन्ही पर्याय असतील तर मेटाफर. मेटाफर पर्यायांतच नसेल आणि पर्सॉनिफिकेशन, सिमिली, हायपर्बली, अ‍ॅलिटरेशन एवढंच असेल, तर पेपर काढणाऱ्याच्या मनात पर्सॉनिफिकेशन आहे. तिथे तत्त्वासाठी गुण घालवायचा नाही. असे पेपर निघतात, आणि ज्या गाइडात दोन्ही दिलंय ते बहुतेक अशांसाठीच.

ग्वाल्हेरचा_मास्तर

हे शेवटचं मला रुचत नाही, पण व्यवहार म्हणून ठीक.

राजेंद्रनगरकर

मॅडमना भेटून आले. पुस्तकातला वाघाचा तक्ता त्यांनीच काढून दाखवला, म्हणजे मास्तरांचं आणि त्यांचं एकच. गुण मात्र वाढवले नाहीत. म्हणाल्या, कारण मांजरीचं न लिहिता नुसतं 'पायांचं' लिहिलंय. आजी अजून चेतनगुणोक्तीवरून हटलेली नाही. तिने आता मुलीला सांगितलंय की मराठीचा पेपर असता तर तू पहिली आली असतीस.

बडोदे_बीए

मास्तर, अजून एक राहिलं. 'ऑल द वर्ल्ड्स अ स्टेज' हे मेटाफर तर आहेच, पण 'ऑल' मुळे हायपर्बलीही धरायची का? आमच्यात एक जण ठामपणे म्हणतोय.

पोहे_जलेबी

झालं, आता मास्तर रात्रभर लिहिणार.